वर्तुळातला वाटा आणि रेषेवरची एकूण संख्या

आपल्या शाळेच्या गणित-भूगोल प्रदर्शनात काही वर्षांपूर्वी दहावीच्या एका विद्यार्थ्याने पुणे जिल्ह्याच्या लोकसंख्येचा तक्ता मांडला होता. तक्त्यावर सारख्याच आकाराचे दोन वृत्तालेख होते, एक २००१ च्या जनगणनेचा आणि दुसरा २०११ च्या जनगणनेचा. प्रत्येक वर्तुळात ग्रामीण आणि नागरी असे दोन भाग रंगवलेले होते. शेजारी एक रेषालेख होता आणि त्यात जिल्ह्याची एकूण लोकसंख्या दाखवली होती. सर्व आकडे बरोबर होते, कोनही मोजून काढलेले होते. खाली सुवाच्य अक्षरांत निष्कर्ष लिहिला होता : "दहा वर्षांत पुणे जिल्ह्यातील ग्रामीण लोकसंख्या घटली."

प्रदर्शन पाहायला आलेले एक पालक त्या तक्त्यासमोर बराच वेळ थांबले. शिरूर तालुक्यातल्या एका गावचे ते शेतकरी. शेवटी त्यांनी मला विचारले, "सर, गावातली माणसं कमी झाली म्हणता, तर मग आमच्या गावच्या शाळेत बाकं का पुरत नाहीत? सकाळच्या एसटीत उभं राहायलाही जागा का मिळत नाही?"

त्यांची शंका रास्त होती आणि तक्त्यावरचा निष्कर्ष चुकीचा होता. विद्यार्थ्याने वृत्तालेख नीट वाचला होता, रेषालेखही नीट वाचला होता. परंतु दोन्ही एकत्र वाचले नव्हते. स्पर्धा परीक्षांच्या प्रश्नपत्रिकेत असे जोडआलेख हमखास असतात, त्यामुळे आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांना ते परिचित आहेत. पण ग्रामसभेत, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत किंवा वर्तमानपत्रात हेच आलेख समोर येतात, तेव्हा तेथे उत्तरांचे चार पर्याय छापलेले नसतात. म्हणून त्या तक्त्याचाच हिशेब येथे सावकाश करून पाहू.

दोन आलेख, दोन वेगळी माहिती

वृत्तालेख फक्त वाटा सांगतो. संपूर्ण वर्तुळ म्हणजे शंभर टक्के, म्हणजेच ३६० अंश. २००१ मध्ये पुणे जिल्ह्यातील ४१.९२ टक्के लोक ग्रामीण भागात राहत होते. म्हणून त्या भागाचा केंद्रीय कोन सुमारे १५१ अंशांचा आला. २०११ मध्ये हा वाटा ३९.०१ टक्के झाला आणि कोन सुमारे १४० अंशांवर आला. पाकळी अकरा अंशांनी अरुंद झाली, एवढेच वर्तुळ सांगते. शंभर टक्के म्हणजे किती माणसे, हे वर्तुळाला ठाऊकच नसते. एका वाडीची लोकसंख्या असो वा संपूर्ण देशाची, वर्तुळ तेवढेच दिसते.

रेषालेखाचे काम नेमके उलटे आहे. तो एकूण संख्या सांगतो, पण तिची वाटणी सांगत नाही. पुणे जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ७२ लाख ३३ हजार होती आणि २०११ मध्ये ती सुमारे ९४ लाख २९ हजार झाली. रेषा वर चढली. पण त्या वाढीतली किती माणसे गावांत आणि किती शहरांत, हे रेषेवरून कळत नाही.

ग्रामीण माणसे किती, या प्रश्नाचे उत्तर यांपैकी एकाही आलेखावर छापलेले नाही. ते दोहोंच्या गुणाकारातून काढावे लागते :

ग्रामीण लोकसंख्या = त्या वर्षाची एकूण लोकसंख्या × त्याच वर्षाचा ग्रामीण वाटा

२००१ साठी ७२.३३ लाखांचे ४१.९२ टक्के म्हणजे सुमारे ३०.३ लाख. २०११ साठी ९४.२९ लाखांचे ३९.०१ टक्के म्हणजे सुमारे ३६.८ लाख. दहा वर्षांत ग्रामीण लोकसंख्या सुमारे साडेसहा लाखांनी, म्हणजे एकवीस टक्क्यांहून अधिक वाढली. पाकळी अरुंद झाली, माणसे मात्र वाढली. त्या पालकांच्या गावातील अपुरी बाके आणि भरलेली एसटी यांच्याशी हा आकडा जुळतो.

मग वाटा का घटला? कारण शहरी लोकसंख्या त्याहून वेगाने वाढली. ती सुमारे ४२ लाखांवरून साडेसत्तावन्न लाखांवर गेली, म्हणजे जवळजवळ सदतीस टक्क्यांनी वाढली. वाटा घटणे म्हणजे संख्या घटणे नव्हे. इतरांच्या तुलनेत मागे राहणे, एवढाच त्याचा अर्थ.

चूक नेमकी कोठे होते

त्या विद्यार्थ्याला मी विचारले, "घटली हे कशावरून ठरवलेस?" तो म्हणाला, "सर, दोन्ही वर्तुळं शेजारी ठेवली की दिसतंच की." सारख्या आकाराची दोन वर्तुळे शेजारी ठेवली की, डोळा त्यांचे एकूणही सारखेच धरतो. नकळत २०११ चा वाटा २००१ च्याच एकूण संख्येला लावला जातो. ७२.३३ लाखांचे ३९.०१ टक्के काढले, तर सुमारे २८.२ लाख येतात, आणि ग्रामीण लोकसंख्या दोन लाखांनी घटली असे वाटू लागते. गुणाकार बिनचूक असतो. चूक असते जोडीत. ज्या वर्षाचा टक्का, त्याच वर्षाचे एकूण घ्यायला हवे.

जोडी वर्षापुरतीच जुळून भागत नाही, प्रदेशही जुळावा लागतो. एका पानावर पुणे जिल्ह्याचा वृत्तालेख आणि समोरच्या पानावर महाराष्ट्राचा रेषालेख, अशी मांडणी अहवालांत पुष्कळदा आढळते. २०११ मध्ये राज्याचा ग्रामीण वाटा ५४.७८ टक्के होता, जिल्ह्याचा ३९.०१. एकाचा टक्का दुसऱ्याच्या एकूण संख्येला लावला, तर येणारे उत्तर ना जिल्ह्याचे असते, ना राज्याचे. म्हणून गुणाकारापूर्वी दोन्ही आलेखांची शीर्षके मोठ्याने वाचावीत, असे मी वर्गात सांगत असे. वर्ष, प्रदेश आणि कोणाची मोजणी, या तिन्ही गोष्टी दोन्ही शीर्षकांत सारख्या असतील तरच पुढे जावे.

रेषालेखाबाबत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. उभ्या अक्षावर काय लिहिले आहे, ते आधी पाहावे. पुणे जिल्ह्याच्या दशवार्षिक वाढीचा दर १९९१ ते २००१ या काळात ३०.७३ टक्के होता आणि २००१ ते २०११ या काळात ३०.३७ टक्के. हे दर रेषेवर मांडले, तर रेषा किंचित खाली उतरते. पण ती लोकसंख्येची रेषा नव्हे, वाढीच्या वेगाची आहे. प्रत्यक्षात पहिल्या दशकात जिल्ह्यात सुमारे १७ लाख माणसांची भर पडली आणि दुसऱ्या दशकात सुमारे २२ लाखांची. दराची रेषा उतरत असतानाही माणसांची भर वाढतच होती. अशा रेषेवरचा आकडा वृत्तालेखातल्या टक्क्याने गुणण्यात काहीच अर्थ नसतो. गुणण्यासाठी एकूण संख्येचीच रेषा लागते.

गुणाकार न करता दिशा ओळखणे

दर वेळी संपूर्ण हिशेब करण्याची गरज नसते. एकूण संख्या किती पटीने वाढली आणि वाटा किती पट उरला, हे दोन आकडे पुरतात. पुणे जिल्ह्याची लोकसंख्या १.३० पट झाली. ग्रामीण वाटा ४१.९२ वरून ३९.०१ झाला, म्हणजे आधीच्या ०.९३ पट उरला. दोहोंचा गुणाकार १.२१. तो एकाहून मोठा आहे, म्हणून संख्या वाढली, आणि १.२१ आहे, म्हणून ती सुमारे एकवीस टक्क्यांनी वाढली.

येथे एक फरक ध्यानात ठेवावा. ४१.९२ वरून ३९.०१ ही घट २.९१ टक्के-बिंदूंची आहे. पण मूळच्या वाट्याच्या तुलनेत ती जवळजवळ सात टक्के आहे, आणि पटीच्या हिशेबात ही दुसरीच घट धरावी लागते. एकूण वाढीचे तीस टक्के आणि वाट्यातले तीन बिंदू यांची सरळ वजाबाकी करून 'सत्तावीस टक्के वाढ' असे उत्तर काढणारे पुष्कळ भेटतात. ते चुकीचे आहे.

हाच विचार उलट दिशेनेही करता येतो. २०११ मध्ये ग्रामीण माणसे २००१ इतकीच राहिली असती, तर पाकळी किती अरुंद झाली असती? ३०.३ लाखांना ९४.२९ लाखांनी भागले की, सुमारे ३२.२ टक्के येतात. म्हणजे ग्रामीण वाटा ४२ वरून थेट ३२ च्या आसपास आला असता, तरच संख्या स्थिर राहिली असती. प्रत्यक्षात तो ३९ वरच थांबला होता. एकूण संख्या वेगाने वाढत असेल, तर पाकळी बरीच आकसूनही तिच्यातील माणसे वाढू शकतात, हे या एका आकड्यावरून कळते.

वाटा आणि संख्या दोन्ही घटतात तेव्हा

वाटा घटला तरी संख्या वाढतेच, असा मात्र नियम नाही. त्याचे उदाहरण आपल्या राज्याच्या साक्षरतेत सापडते. महाराष्ट्राची साक्षरता २००१ मध्ये ७६.८८ टक्के होती, ती २०११ मध्ये ८२.३४ टक्के झाली. म्हणजे निरक्षरांचा वाटा २३.१२ वरून १७.६६ वर आला. या काळात राज्याची लोकसंख्या ९.६९ कोटींवरून ११.२४ कोटींवर गेली. आता निरक्षर माणसे वाढली की घटली?

बहुतेक जण ११.२४ कोटींचे १७.६६ टक्के काढतात आणि सुमारे १.९८ कोटी असे उत्तर देतात. हे उत्तर चुकीचे आहे, आणि चूक वर्षाची किंवा प्रदेशाची नाही. जनगणनेत साक्षरतेचा दर सात वर्षे व त्याहून अधिक वयाच्या लोकांमध्येच मोजतात. सहा वर्षांपर्यंतची बालके त्या वर्तुळात नसतातच. रेषालेखात मात्र ती मोजलेली असतात. २०११ मध्ये राज्यात अशी बालके सुमारे १.३३ कोटी होती. त्यांना वजा केले की, वर्तुळाचे खरे एकूण ९.९० कोटी येते, आणि त्याचे १७.६६ टक्के म्हणजे सुमारे १.७५ कोटी. बालके न वगळता हिशेब केला, तर अंगणवाडीत जाणारी वा मांडीवर खेळणारी सुमारे साडेतेवीस लाख मुले आपण निरक्षरांत मोजून बसतो.

२००१ चा हिशेबही तसाच करावा. तेव्हा बालके सुमारे १.३७ कोटी होती. ती वगळता उरतात ८.३२ कोटी. त्यांचे २३.१२ टक्के म्हणजे सुमारे १.९२ कोटी. दहा वर्षांत निरक्षरांची संख्या १.९२ कोटींवरून १.७५ कोटींवर आली.

पटीच्या भाषेत सांगायचे, तर मोजणीतले एकूण १.१९ पट झाले आणि निरक्षरांचा वाटा ०.७६ पट उरला. गुणाकार ०.९१. तो एकाहून लहान आहे, म्हणून येथे संख्या खरोखरच घटली. पण किती घटली, तेही पाहावे. वाटा जवळजवळ चोवीस टक्क्यांनी आकसला, माणसे मात्र नऊच टक्क्यांनी कमी झाली. टक्केवारीची मोठी झेप पाहून निरक्षरांची संख्याही तेवढ्याच प्रमाणात कमी झाली असावी, असे वाटते, प्रत्यक्षात १.७५ कोटी माणसे अजून अक्षरांपासून दूर होती. रात्रशाळा किती चालवायच्या आणि पुस्तके किती छापायची, हे या संख्येवरून ठरते, वाट्यावरून नव्हे.

या उदाहरणाचा धडा असा की, दोन्ही शीर्षकांवर वर्ष आणि प्रदेश एकच असले, तरी वर्तुळाचे शंभर टक्के म्हणजे नेमके कोण, हे विचारावेच लागते. रेषेवरची सगळी माणसे वर्तुळात असतीलच असे नाही.

पाकळीची सीमा सरकते तेव्हा

आता पुन्हा पुणे जिल्ह्याकडे वळू. हिशेब बिनचूक झाला, तरी एक प्रश्न शिल्लक राहतो. ग्रामीण आणि नागरी यांच्यामधली सीमा कोण आखते?

महानगरपालिका, नगरपालिका, कटक मंडळे असे कायद्याने ठरलेले भाग जनगणनेत नागरी धरतात. त्याखेरीज ग्रामपंचायतीचे गावही नागरी गणले जाऊ शकते. त्यासाठी तीन अटी आहेत : लोकसंख्या किमान पाच हजार, दर चौरस किलोमीटरला किमान चारशे लोक आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान पंचाहत्तर टक्के शेतीबाहेरच्या व्यवसायात. अशा गावाला जनगणना नगर म्हणतात. तेथे ग्रामपंचायत असते, सरपंच असतात, ग्रामसभा भरते; पण वृत्तालेखात त्या गावातली सारी माणसे नागरी पाकळीत जाऊन बसतात.

शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगाव या पट्ट्यात राहणाऱ्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. शेजारच्या शेतात कारखाना उभा राहतो, घरातला मुलगा पाळीवर जाऊ लागतो, खोल्या भाड्याने जातात. घर तेच, अंगण तेच; पण तिन्ही अटी पूर्ण झाल्या की, मोजणीत गावाचा रंग बदलतो. महानगरपालिकेची हद्द वाढली तरी हेच घडते. पुणे महानगरपालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. तेथील माणसे घर न सोडता नागरी झाली.

म्हणून दोन जनगणनांमधील नागरी पाकळीची वाढ पाहून 'इतके लोक गाव सोडून शहरात गेले' असे म्हणता येत नाही. त्या वाढीत शहरात जन्मलेली मुले असतात, बाहेरून आलेली माणसे असतात आणि जागच्या जागी नागरी ठरलेली गावेही असतात. वृत्तालेख आणि रेषालेख या तिघांची वेगवेगळी वाटणी सांगू शकत नाहीत. त्यासाठी स्थलांतराचे तक्ते आणि गावांच्या वर्गीकरणाची यादी पाहावी लागते.

किती अचूकतेने बोलावे

छापील वृत्तालेखात बहुधा पूर्ण टक्के असतात, ३९.०१ ऐवजी ३९. पूर्ण आकड्यात दोन्ही बाजूंना अर्ध्या टक्क्याची संदिग्धता असते. पुणे जिल्ह्याच्या २०११ च्या लोकसंख्येत अर्धा टक्का म्हणजे सुमारे सत्तेचाळीस हजार माणसे. एवढ्या फरकाने 'साडेसहा लाखांची वाढ' हा निष्कर्ष बदलत नाही. पण कोणी अशाच आलेखावरून तीस हजारांच्या चढउताराबद्दल बोलू लागला, तर तो आकडा आलेखातून आलेला नाही, असे समजावे. रेषालेखावरून नजरेने वाचलेल्या आकड्याचेही तसेच आहे. अक्षावर वीस-वीस लाखांच्या खुणा असतील, तर एखाद्या लाखाची चूक सहज होते. तिच्यापायी ग्रामीण आकड्यात सुमारे एकोणचाळीस हजारांचा फरक पडतो. त्यामुळे उत्तर 'सुमारे ३६.८ लाख' असे द्यावे. शेवटच्या माणसापर्यंतचा आकडा सांगू नये.

तक्ता पुन्हा काढला तेव्हा

त्या विद्यार्थ्याला मी तक्ता फाडायला लावला नाही. दोन्ही वर्तुळांचे क्षेत्रफळ एकूण लोकसंख्येच्या प्रमाणात काढ, एवढेच सांगितले. लोकसंख्या १.३० पट असेल, तर क्षेत्रफळ १.३० पट हवे. आणि क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गावर अवलंबून असल्याने त्रिज्या १.३० च्या वर्गमूळाइतकी, म्हणजे सुमारे १.१४ पट हवी. पहिल्या वर्तुळाची त्रिज्या ५ सेंटीमीटर होती, म्हणून त्याने दुसरे वर्तुळ ५.७ सेंटीमीटर त्रिज्येचे काढले. त्रिज्याच १.३० पट केली असती, तर क्षेत्रफळ जवळजवळ १.७ पट झाले असते आणि वाढ अवास्तव मोठी दिसली असती.

कोन तेच राहिले, १५१ आणि १४० अंश. परंतु आता मोठ्या वर्तुळातली अरुंद पाकळी लहान वर्तुळातल्या रुंद पाकळीपेक्षा अधिक जागा व्यापताना डोळ्यांनाच दिसू लागली. प्रत्येक पाकळीत त्याने टक्क्याखाली लाखांतला आकडाही लिहिला आणि जुनी ओळ खोडून नवी लिहिली : "दहा वर्षांत पुणे जिल्ह्यातील ग्रामीण लोकसंख्येचा वाटा सुमारे तीन टक्के-बिंदूंनी घटला; ग्रामीण लोकसंख्या मात्र सुमारे साडेसहा लाखांनी वाढली."

दुसऱ्या दिवशी ते पालक मुलाला भेटायला पुन्हा आले, तेव्हा त्यांनी ती ओळ वाचली. म्हणाले, "आता पटलं. हा कागद आमच्या शाळा समितीत दाखवायला द्याल का?" विद्यार्थ्याने वहीच्या पानावर दोन्ही वर्तुळे पुन्हा काढून त्यांना दिली, आणि खाली दोन्ही एकूण संख्या लिहायला तो विसरला नाही.